चोरलेले पॉइंट परत मागताना

डिसेंबर २०१४च्या अखेरीस अमेरिकेतल्या दोन मोठ्या विमान कंपन्यांच्या सभासदांच्या खात्यांत परकी माणसं शिरली. अमेरिकन एअरलाइन्सने सुमारे दहा हजार खाती बाधित झाल्याचं नंतर सांगितलं. युनायटेडच्या तीनेक डझन खात्यांमधून तर दुसऱ्यांच्याच मैलांवर प्रवास आरक्षित झाले होते किंवा मैलांचे व्यवहार झाले होते. तीन महिन्यांनी, मार्च २०१५मध्ये, ब्रिटिश एअरवेजवर हीच वेळ आली. तिथे हजारो सभासदांची खाती गोठवावी लागली आणि चौकशी संपेपर्यंत खऱ्या मालकांनाही स्वतःचे पॉइंट वापरता आले नाहीत.

तिन्ही कंपन्यांचं स्पष्टीकरण जवळपास सारखं होतं. आमची यंत्रणा फुटलेली नाही, सभासदांची नावं आणि पासवर्ड दुसरीकडून मिळवलेले होते, असं त्यांनी सांगितलं. ते खरंही होतं. मात्र हेच वाक्य आज जगभरच्या कॉल सेंटरमधून तक्रार करणाऱ्याला ऐकवलं जातं आणि बहुतेक जण ते ऐकून फोन ठेवतात. पॉइंट परत मिळवण्याची खरी लढाई या वाक्यापाशी सुरू होते.

चोरीची रीत साधी आहे. एखाद्या खरेदीच्या साइटवरून किंवा जुन्या अ‍ॅपमधून लाखो ईमेल आणि पासवर्ड फुटतात आणि त्यांच्या याद्या विकल्या जातात. चोर ती यादी एका स्वयंचलित प्रोग्रॅमला देतो. तो प्रोग्रॅम विमान कंपनी, हॉटेल, सुपरमार्केट अशा प्रत्येक ठिकाणी तीच जोडी लावून बघतो. हजारांतल्या मोजक्याच जोड्या जुळतात, पण त्याला तेवढ्या पुरतात. बँक खात्यावर ओटीपी असतो आणि माणूस रोज शिल्लक बघतो. पॉइंटचं खातं मात्र वर्षातून एकदा, सुट्टीचा बेत ठरवताना उघडलं जातं.

चोराला पॉइंट साठवून ठेवायचे नसतात. ते लवकरात लवकर अशा गोष्टीत बदलायचे असतात, जी विकता येईल. तिकीट किंवा हॉटेलची खोली स्वस्तात कुणाला तरी विकली जाते. अनेकदा विकत घेणाऱ्याला ती चोरीच्या पॉइंटवर काढलेली आहे, याची कल्पनाही नसते. गिफ्ट व्हाउचर तर काही मिनिटांत विकलं जातं आणि वापरलंही जातं. मालकाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. विमान उडेपर्यंत तिकीट रद्द करून पॉइंट परत घेता येतात. वापरून झालेल्या व्हाउचरचे पॉइंट कंपनीला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात, म्हणून तिथे तिची नाही म्हणायची तयारी जास्त असते.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं ते नीट दिसावं म्हणून एक कल्पित प्रसंग घेऊ. नाशिकमधल्या एका औषध दुकानदाराच्या विमान कंपनीच्या खात्यात ९२,४०० पॉइंट आहेत. मुलगी मस्कतला असते. दिवाळीनंतर नवरा-बायको दोघांनी तिच्याकडे जायचं, म्हणून चार वर्षं क्रेडिट कार्डाचा सगळा खर्च त्यांनी या खात्याशी जोडलेला. शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला ते मोबाइल बघतात, तर मेलबॉक्समध्ये तीनशेच्या वर मेल. कधी नाव न नोंदवलेल्या साइटची वार्तापत्रं, परदेशी दुकानांचे स्वागताचे संदेश, कुठल्या कुठल्या भाषांमधल्या जाहिराती. ते चिडून सगळे एकदम पुसायला निघतात.

ते पुसायचे नसतात. मेलचा असा अचानक पूर अनेकदा मुद्दाम सोडलेला असतो, कारण खरे दोन-तीन मेल त्याखाली गाडायचे असतात. कंपनीचं नाव टाकून शोधल्यावर ते सापडतात. मध्यरात्रीनंतर १ वाजून ४० मिनिटांनी खात्यात एक नवा नॉमिनी जोडला गेला आहे. १ वाजून ५२ मिनिटांनी रविवारी सकाळच्या दिल्ली–बँकॉक विमानाची दोन तिकिटं निघाली आहेत, ७०,००० पॉइंटना. २ वाजून ५ मिनिटांनी २०,००० पॉइंटची गिफ्ट व्हाउचर घेतली आहेत, दर्शनी किंमत ५,००० रुपये. खात्यात उरले २,४००.

अशा वेळी हात आधी विमान कंपनीच्या पासवर्डकडे जातो. पण ईमेलच चोराच्या ताब्यात असेल, तर पासवर्ड बदलण्याची लिंकही त्यालाच मिळते. म्हणून आधी ईमेलचा पासवर्ड बदलायचा, बाकी सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करायचं आणि मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासायचं. कंपनीचे मेल परस्पर कचऱ्यात टाकणारा किंवा दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा नियम चोर तिथे करून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. हे झालं की मग पॉइंटच्या खात्याचा पासवर्ड.

त्यानंतर स्क्रीनशॉट. खात्यातली व्यवहारांची पूर्ण यादी, प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, वेळ, पॉइंट, तिकिटांचा पीएनआर, दिसत असेल तर प्रवाशाचं नाव, नव्या नॉमिनीची नोंद. खात्यातला मोबाइल किंवा ईमेल बदललेला असेल तर तेही. कंपनीने खातं गोठवलं की यातलं बरंच सभासदाला दिसेनासं होतं, म्हणून हे फोन करण्याआधीच उरकावं. त्या प्रवाशाला शोधून त्याच्याशी बोलायला जाऊ नये. तो बहुधा स्वतःच फसलेला असतो, आणि चोराशी संबंधित असला तर सावध होतो.

दुपारी बाराला दुकानदार फोन करतात. फोनवर चार गोष्टी मागायच्या असतात: खातं गोठवा, न उडालेली तिकिटं आत्ता रद्द करा, न वापरलेली व्हाउचर बंद करा आणि मला तक्रार क्रमांक द्या. पहिलं उत्तर ठरलेलं असतं.

“सर, लॉगिन तुमच्याच पासवर्डने झालंय. आमच्याकडून काही चूक दिसत नाही.”

“ते नंतर बघू मॅडम. विमान उद्या सकाळचं आहे. तिकीट मी काढलेलं नाही, हे मी आत्ता सांगतोय. तुमच्याकडे नोंद करून घ्या आणि तक्रार क्रमांक सांगा.”

वाद न घालता त्यांनी नोंद करून घ्यायला लावली, हे बरोबर केलं. उड्डाणाच्या अठरा तास आधी कंपनीला कळवलं, याची तारीख-वेळेसह नोंद झाली. त्यानंतरही ती तिकिटं वापरली गेली, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं कंपनीला म्हणता येणार नाही. फोन ठेवल्या ठेवल्या त्याच मजकुराचा ईमेल पाठवायचा, कारण कॉलचं रेकॉर्डिंग कंपनीकडे राहतं आणि ईमेल आपल्याकडे. आपल्या प्रसंगात तिकिटं संध्याकाळपर्यंत रद्द होतात आणि ७०,००० पॉइंट परत येतात. व्हाउचर मात्र रात्रीच वापरली गेली आहेत. भांडण उरतं ते २०,००० पॉइंटचं.

पॉइंटवर काढलेल्या तिकिटाचाही कर आणि शुल्क बहुतेक वेळा पैशात भरावं लागतं, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चोराने ते कुठल्या तरी कार्डाने भरलेलं असतं आणि ते कार्ड सभासदाचं नसतं. व्यवहार आपण केला नाही, याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही. कंपनी त्या कार्डाचा पूर्ण तपशील देणार नाही, देऊही नये. पण ‘पैसे भरलेलं कार्ड माझ्या नावाचं होतं का’ एवढ्या प्रश्नाचं उत्तर तिला देता येतं, आणि तो तपशील जपून ठेवा अशी लेखी मागणीही करता येते.

आता त्या मूळ वाक्याकडे वळू. पासवर्ड दुसरीकडे फुटला असेल, तर कंपनीची जबाबदारी संपते का? या प्रश्नाचा आजवरचा सगळ्यात बोलका निवाडा एका कॉफी-डोनटच्या दुकानसाखळीच्या निमित्ताने झाला.

अमेरिकेत डंकिन डोनट्सची ‘डीडी पर्क्स’ नावाची सभासद योजना होती. ग्राहक तिच्या खात्यात पैसे भरलेलं कार्ड ठेवत आणि खरेदीवर पॉइंट मिळवत. २०१५मध्ये चोरांनी दुसरीकडून फुटलेल्या पासवर्डच्या याद्या या खात्यांवर चालवल्या. डंकिनचं अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीने हे ओळखलं, डंकिनला वारंवार कळवलं आणि पाच दिवसांच्या नमुन्यात बाधित झालेल्या १९,७१५ खात्यांची यादीही दिली. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी सप्टेंबर २०१९मध्ये दाखल केलेल्या दाव्यानुसार, त्यानंतरही डंकिनने त्या ग्राहकांना कळवलं नाही, त्यांचे पासवर्ड बदलून घेतले नाहीत, त्यांची कार्डं गोठवली नाहीत. २०१८मध्ये पुन्हा हल्ला झाला आणि तीन लाखांहून अधिक खाती त्यात सापडली. तेव्हा ग्राहकांना सांगताना ‘प्रयत्न झाला’ अशा धर्तीची भाषा वापरली गेली, असाही आरोप होता.

सप्टेंबर २०२०मध्ये तडजोड झाली. साडेसहा लाख डॉलर भरायचे, बाधित ग्राहकांना कळवायचं, पासवर्ड बदलून घ्यायचे आणि कार्डांवरच्या अनधिकृत वापराचे पैसे परत करायचे, असं ठरलं. पासवर्ड दुसरीकडूनच फुटले होते, याबद्दल वाद नव्हताच. आपल्या दारात काय चाललं आहे हे कळल्यावर, किंवा कळायला हवं असताना, कंपनीने काय केलं, हा मुद्दा होता.

ही तडजोड न्यूयॉर्कच्या कायद्याखालची आहे आणि भारतातल्या कुणावर ती बंधनकारक नाही. तिच्यातली विचार करण्याची पद्धत मात्र इथेही कामी येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये ‘सेवेतील त्रुटी’ ही तक्रारीची जागा आहे, आणि प्रश्न त्या अंगाने विचारता येतात. दुकानदारांनी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहायचं दुसरं पत्र रागाचं नसावं, प्रश्नांचं असावं. चार वर्षं जे खातं नाशिकमधून, एकाच मोबाइलवरून उघडलं गेलं, ते मध्यरात्री नव्या उपकरणावरून उघडताना ओटीपी मागितला होता का? मागितला असेल तर तो कुठल्या क्रमांकावर गेला? नवा नॉमिनी जोडल्यावर बारा मिनिटांत त्याच्या नावाने तिकिटं काढू देण्याआधी कुठली पडताळणी केली? पंचवीस मिनिटांत ९०,००० पॉइंट बाहेर गेले, हे यंत्रणेला खटकलं का? त्याच रात्री आणखी सभासदांच्या अशा तक्रारी आल्या का?

शेवटी मागणी सरळ लिहायची: २०,००० पॉइंट मूळ मुदतीसह परत करा, लॉगिनचा आयपी पत्ता, उपकरण आणि वेळ यांच्या नोंदी पोलिसांसाठी जपून ठेवा, आणि अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर द्या. अशा पत्रांना बरेचदा ‘सद्भावना म्हणून एकवेळ पॉइंट देत आहोत’ असं उत्तर येतं. ते घ्यायला हरकत नाही. फक्त सोबत चूक आपली होती असं कबूल करणारा मजकूर मान्य करायला लावत नाहीत ना, हे पाहावं.

काही कंपन्या इथे योजनेच्या अटी पुढे करतात. पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नाही, अनधिकृत वापराला आम्ही जबाबदार नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. या अटी तशाच्या तशा गिळून टाकायचं कारण नाही. ज्या पॉइंटना कंपन्या ग्राहकासमोर बक्षीस म्हणतात, त्यांचा हिशेब त्यांच्या ताळेबंदात वेगळा असतो. भारतात एप्रिल २०१८पासून लागू असलेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखामानकानुसार, खरेदीसोबत दिलेल्या अशा पॉइंटच्या वाट्याची रक्कम पॉइंट वापरले किंवा बाद होईपर्यंत देणं म्हणून दाखवावी लागते. म्हणजे तिकीट घेताना ग्राहकाने जे पैसे मोजले, त्यातलाच काही भाग या पॉइंटसाठी होता. २०२०मध्ये विमानं जमिनीवर असताना युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. तेव्हा त्या योजनेची किंमत सुमारे २२ अब्ज डॉलर धरली होती. ज्याच्यावर कर्ज मिळतं, ते ग्राहकाच्या हातून गेल्यावर कवडीमोल ठरवणं न्यायाचं नाही.

पोलिसांकडे जावंच. cybercrime.gov.in या पोर्टलवर किंवा १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पण त्यातून काय होईल, याची अपेक्षा नेमकी असावी. बँकेतून पैसे गेले असतील, तर १९३०वर लगेच कळवल्याने ते पुढच्या खात्यात अडवता येतात. पॉइंटच्या बाबतीत अडवायला बँक खातं नसतं. इथे खरा उपयोग तक्रारीच्या पोचक्रमांकाचा. पुष्कळ कंपन्या तो मागतात, आणि व्यवहार आपण केला नाही हे आपण कायद्यासमोर सांगितल्याची ती नोंद असते. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. लॉगिनच्या नोंदी आणि ते कर भरलेलं कार्ड, हे पोलीस कंपनीकडून अधिकाराने मागवू शकतात. सभासदाला ते जमत नाही.

पॉइंट बँकेच्या रिवॉर्ड पोर्टलवरून गेले असतील, तर वाट वेगळी. आधी बँकेकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चोराने बँकेतले पॉइंट आधी विमान कंपनीकडे वळवून मग उडवले असतील, तर तक्रार दोघांकडे करावी, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, बाहेरच्या कुणी केलेला अनधिकृत बँक व्यवहार ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला आणि त्यात बँकेचीही चूक नसली, तरी ग्राहकावर भार पडत नाही. हे परिपत्रक बँक व्यवहारांसाठी आहे. पॉइंटना ते आपोआप लागू होईल, असं धरून बसू नये. तीन दिवसांची मुदत मात्र आपणहून पाळावी.

एका प्रकारात ग्राहकाची बाजू लंगडी पडते, आणि आपल्याकडे सध्या तोच बोकाळला आहे. ‘तुमचे अमुक हजारांचे रिवॉर्ड पॉइंट आज संपत आहेत’ असा मेसेज येतो आणि सोबत एपीके फाइल असते. स्टेट बँकेच्या नावाने फिरणाऱ्या अशा मेसेजबद्दल पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने २०२४मध्ये इशारा दिला होता. ती फाइल मोबाइलवर बसवली की येणारे ओटीपी चोराला दिसू लागतात आणि पॉइंटच्या मागोमाग खात्यातले पैसेही जातात. इथे फाइल ग्राहकाने स्वतः बसवलेली असते, त्यामुळे कंपनीला विचारायच्या प्रश्नांची धार कमी होते. तक्रार तरीही करावी, आणि खरं काय घडलं ते न लपवता सांगावं. तपासात ते निघतंच, आणि मग बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास जातो.

कंपनी बधली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ती कंपनीशी बोलून मार्ग काढायचा प्रयत्न करते, आदेश देऊ शकत नाही. विमान कंपनी असेल तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवरही तक्रार करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे नाशिकच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षं.

आयोगापुढे पहिला प्रश्न येतो किमतीचा. २०,००० पॉइंट म्हणजे किती रुपये? व्हाउचरची दर्शनी किंमत ५,००० हा एक आकडा. पण त्याच पॉइंटवर नाशिककर दांपत्याला विमानप्रवासात त्याहून जास्त फायदा झाला असता. म्हणून चोरी कळली त्याच आठवड्यात, ज्या प्रवासासाठी पॉइंट साठवले होते त्या मार्गाचं पैशातलं भाडं आणि पॉइंटमधला दर, दोन्हींचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत. कंपनी स्वतः पॉइंट विकत असेल तर तिचा विक्रीचा दरही. मुख्य मागणी पॉइंट परत देण्याचीच ठेवावी आणि रुपयांतली रक्कम पर्याय म्हणून लिहावी.

पॉइंट परत आल्यावरही थोडं काम उरतं. ते कुठल्या मुदतीने जमा झाले, ते बघावं. कधी कधी परत दिलेले पॉइंट काही महिन्यांत बाद होणारे असतात, आणि मूळची मुदत मागून घेता येते. कंपनीने सुरक्षेसाठी नवा सभासद क्रमांक दिला असेल, तर क्रेडिट कार्ड, हॉटेल आणि ट्रॅव्हल साइटवर जुनाच क्रमांक जोडलेला राहतो आणि पुढच्या महिन्याचे पॉइंट बंद खात्याकडे जायला लागतात. आधीच काढलेल्या तिकिटांवरही जुनाच क्रमांक असतो, तो विमानतळावर चेक-इन करताना बदलून घेता येतो. चोराने जोडलेला नॉमिनी खात्यातून काढला गेला आहे का, हे मात्र स्वतः उघडून पाहावं, कारण तो तसाच राहिला तर त्याच्या नावाने पुन्हा तिकीट काढायला पडताळणीची गरज उरत नाही.